घरात काय म्हणता?

काही महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी आम्हांला विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. प्रश्न अगदी साधा होता. "आजींच्या या विसरण्याला घरात तुम्ही काय म्हणता?"

आजी म्हणजे माझी आत्या. वय ७८. जेवून अर्धा तास होत नाही तोच ती शेजारणीला सांगे, "सकाळपासून पोटात अन्न नाही हो!" सून बिचारी शरमेने अर्धी होई. डॉक्टरांच्या प्रश्नाला कुणीच उत्तर देईना. शेवटी सहा वर्षांचा पणतू म्हणाला, "म्हातारचळ!" आम्ही त्याला दटावले, पण शब्द आमचाच होता. मी तर एका कादंबरीत त्याच शब्दावर हशा मिळवला आहे. आणि आत्या तिथेच बसली होती.

तपासणी आधीच झाली होती. डॉक्टरांनी तिला तीन शब्द सांगितले, मग घड्याळाचे चित्र काढायला लावले आणि ते शब्द पुन्हा विचारले. आपल्याला काही शब्द सांगितले होते, हेच तिला पटेना. रक्तही तपासले; कारण ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा थायरॉइडचे काम मंदावले, तरी माणूस असा विसरू लागतो, आणि ते औषधाने सुधारू शकते. तसे काही निघाले नाही. मग ते म्हणाले, "याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. हे लक्षणांचे नाव झाले. त्यामागचा आजार बहुधा अल्झायमरचा आहे."

आतेभाऊ दचकून म्हणाला, "म्हणजे आईची बुद्धी भ्रष्ट झाली?"

त्याचे काय चुकले? 'भ्रंश' आणि 'भ्रष्ट' एकाच धातूची लेकरे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द येतो, तो क्रोधातून जन्मणाऱ्या अनर्थांच्या माळेत. तेव्हा शास्त्रीय शब्दालाही दोषाचा वास असतो. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावात मूर्खपणाचा अर्थ होता. म्हणून तेथील सरकारने २००४ साली ते नावच बदलले.

मग गोड शब्द वापरावा काय? "वय झालंय, चालायचंच," असे आम्ही दोन वर्षे म्हणत होतो. ऐकायला किती मायाळू! पण त्या मायेपायी आत्या दोन वर्षे डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच नाही. टोचणारा शब्द माणसाला दुखावतो, आणि खोटा गोड शब्द त्याला एकटे टाकतो.

मला पटलेली वाट डॉक्टरांनीच दाखवली. आजाराचे नाव एकदा स्पष्ट सांगायचे; एरवी नाव न घेता, जे घडते तेवढेच बोलायचे. "आई खोटं बोलते" असे म्हणायचे नाही. "आईच्या जेवणाची नोंद राहिली नाही" असे म्हणायचे. मी शाळामास्तर, मला हजेरीपट आठवला. मागल्या पानांवरची शाई अजून ठळक आहे, म्हणून आत्याला माहेरची विहीर दिसते. आजच्या पानावर मात्र लेखणी उमटतच नाही. जे लिहिलेच गेले नाही, ते "आठव, आठव" म्हणून कसे सापडणार?

शब्द बदलला तशी कृतीही बदलली. पूर्वी सून म्हणे, "आत्ताच नाही का जेवलात?" आणि भांडण पेटे. आता ती म्हणते, "भूक लागली का? थोडं ताक घ्या." वाद विसरला, तरी त्याने आलेला कढ मनात रेंगाळतो, हे आम्ही रोज पाहिले होते.

याने आजार बरा झाला नाही, होणारही नाही. सूनही कधी चिडते. डॉक्टर तिला म्हणाले होते, "चिडलात तर दहा मिनिटं बाहेर जा. तुम्हीही थकता." एक ताकीदही त्यांनी दिली होती: हा आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत एकदम बरळणे, भलतेच दिसणे किंवा गुंगी आली, तर "आजार वाढला" म्हणून स्वस्थ बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा एखादे नवे औषधही त्याला कारण असते. त्याच दिवशी दाखवा.

परत येताना रिक्षात आत्याने माझा हात धरला. "खरं सांग रे, मला वेड लागलंय का?"

आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला मी क्षणभर मुका झालो. मग म्हणालो, "नाही, आत्या. मेंदूचा आजार आहे. नवं लक्षात राहत नाही. आम्ही लक्षात ठेवू."

ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. घर येईपर्यंत तिने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. मी तेच उत्तर दोनदा दिले. तिला ते दरवेळी पहिल्यांदाच मिळत होते. तेव्हा ते दरवेळी तितकेच खरे आणि तितकेच मऊ असायला हवे होते.