कोरी जागा



आमच्या आजोबांची एक वही होती. घरच्या गुरुचरित्र सप्ताहाचे सगळे नियम त्यांनी तीत शाईने लिहून ठेवले होते. २०१९ च्या महापुरात ती वही गेली. उरले ते पुतण्याने कधीतरी मोबाइलवर घाईत काढलेले पानांचे फोटो. यंदा ते उतरवून घरोघरी द्यावेत असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

एका पानावर हात थबकला. फोटोत पानाची उजवी कड कापली गेली आहे. शेवटची ओळ अशी दिसते : ‘सप्ताहात घरच्या बायकांनी पोथी वाचून’. पुढचे गेले. आजोबा जुन्या वळणाने लिहीत, शब्द न तोडता, सलग शिरोरेघ ओढून. त्यामुळे हे ‘वाचू नये’ मधले ‘वाचू न’ आहे की ‘वाचून दाखवावी’ मधले ‘वाचून’, हे रेघेवरून कळत नाही.

काका म्हणाले, “अरे, ‘नये’च असणार. रूढीच तशी आहे.” वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, सासूबाई सांगायच्या, आजोबा त्यांच्याकडून अध्याय वाचून घ्यायचे. ‘दाखवावी’च लिहा.” दोघेही मनापासून बोलत होते. आणि खरे सांगतो, मलाही वहिनींचेच लिहायचे होते.

मग मी अक्षरे मोजली. समोरच्या पूर्ण पानावरच्या ओळी अठरा ते एकवीस अक्षरांच्या आहेत. या ओळीत सोळा दिसतात. म्हणजे दोन ते पाच अक्षरे गेली असावीत. ‘दाखवावी’ची चार बसतात, ‘ये’चे एकच भरते. पण नियम तिथेच संपला असेल, तर आजोबा दंड देऊन उरलेली ओळ मोकळी सोडत. इतर पानांवर तसे दोनदा दिसते. तेव्हा मोजणीनेही निकाल लागेना.

याच वहीत दुसरी एक अडचण होती, ती मात्र सुटली. प्रसादाच्या यादीत ‘साखर पा– शेर’ असे पुसट अक्षर होते. ‘पाव’ की ‘पाच’? आजोबांचे इतर पानांवरचे स्पष्ट ‘च’ आणि ‘व’ शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या ‘च’ची आडवी रेघ पोटाच्या डावीकडे बाहेर येते. पुसट अक्षरात पोट दिसत होते, ती रेघ नव्हती. म्हणून ‘पाव’ लिहिले, आणि खाली तुटक रेघ दिली, म्हणजे हे अक्षर पुसट आहे हे वाचणाऱ्याला कळावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीतही संशयित पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली असते.

फरक लक्षात घ्या. पुसट अक्षराचा काही अंश डोळ्यांसमोर असतो, त्यावरून वाचता येते. कापलेल्या अक्षराचे काहीच समोर नसते. तिथे आपण लिहू ते आपलेच. फोटो मोठा केल्याने कापलेले परत येत नाही, आणि मोबाइलवर रेघा ठळक करताना कधी डागाचीही वेलांटी होते. आपल्याला पाठ असलेल्या मजकुरात तर अधिकच जपावे लागते, कारण डोळ्यांच्या आधी जीभ वाचते. म्हणून मी आणि पुतण्याने प्रत्येक पान वेगवेगळे उतरवले आणि मगच ताडून पाहिले. सात ठिकाणी आमचे जुळले नाही. ते सातही शब्द दोघांनी मनाने पुरे केलेले निघाले.

नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत स्वतःची ओवी घालणाऱ्याला त्यांनी बजावले की, हे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय. नाथांसारख्या कवीला ओवी रचणे का अवघड होते? पण ज्ञानदेवांच्या नावावर आपले खपवायचे नाही, ही त्यांची मर्यादा होती.

शेवटी मी असे लिहिले : ‘सप्ताहात घरच्या बायकांनी पोथी वाचून[…]’. तळटीपेत सांगितले की कड कापली आहे, शिरोरेघ सलग आहे, दोन ते पाच अक्षरांची जागा आहे, ओळ आधी संपली असल्यास कमी. काकांचे आणि वहिनींचे म्हणणेही तिथेच, त्यांचे म्हणून, दिले.

काका म्हणाले, “मग सप्ताहात करायचे काय?” मी म्हटले, “ते आपण घरात बसून ठरवू, आणि आपल्या नावावर ठरवू. आजोबांच्या तोंडी घालून नको.” यंदा वहिनींनी वाचले. काका ऐकायला बसले.

कंस मोकळाच आहे. उद्या कुणा आतेभावाकडे त्याच पानाचा दुसरा फोटो निघाला, तर ती जागा भरता येईल. मी आजच भरून टाकली असती, तर कुणी तो शोधलाही नसता.