चूक नेमकी कधी शिरली?

व्हर्जन कंट्रोलचा विषय काढला की विद्यार्थ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: प्रोजेक्ट माझा एकट्याचा, कोड जेमतेम दोनशे ओळींचा, मग हा उपद्व्याप कशाला? या समजाला गिटचा जन्मही थोडाफार कारणीभूत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, आणि तिथे जगभरचे प्रोग्रामर एकाच कोडवर काम करतात. माझं म्हणणं उलट आहे. टीममध्ये एखादी ओळ का बदलली हे निदान कुणाला तरी आठवतं. एकट्याने काम करणाऱ्याला विचारायला दुसरं कुणी नसतं, आणि त्याची स्वतःची आठवण दोन महिन्यांत पुसट होते.

उदाहरण घेऊ. संख्याशास्त्राची एक विद्यार्थिनी काही पर्जन्यमापन केंद्रांच्या रोजच्या नोंदींवर प्रोजेक्ट करते आहे. पहिल्या केंद्राच्या जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत एकूण ७३२ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दिवसाची सरासरी ६ मिलिमीटर. डिसेंबरच्या मसुद्यात तिने हाच आकडा दिला होता. फेब्रुवारीत तोच प्रोग्राम ९.१५ दाखवतो. एकूण पाऊस मात्र अजूनही ७३२ आहे, त्यामुळे वरवर पाहता सगळं ठीकच वाटतं. कुठेही एरर नाही, प्रोग्राम विनातक्रार चालतो.

तिच्याकडे `final.py`, `final2.py`, `final_new.py` अशा फाइली असत्या, तर त्या शेजारी शेजारी उघडून ओळी ताडून पाहणं एवढंच हातात उरलं असतं. पण ती गिट वापरत होती. डिसेंबरपासून तिचे ३२ कमिट झाले होते. डिसेंबरचा कमिट बरोबर होता आणि आजचा चुकीचा आहे, एवढं तिने गिटला सांगितलं:

```
git bisect start
git bisect bad
git bisect good a1b9f3e
```

त्यावर गिट मधला कमिट काढून समोर ठेवतं. ती प्रोग्राम चालवते, सरासरी ६ आली तर `git bisect good` आणि ९.१५ आली तर `git bisect bad` असं सांगते. दर वेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणून ३२ कमिटांसाठी सुमारे पाच फेऱ्या पुरतात. शेवटी हा बदल सापडला:

```
-df = df[df["rain"] != -999]
+df = df[df["rain"] > 0]
```

नोंद नसलेले दिवस गाळायला गेली आणि पाऊस न पडलेले ४२ कोरडे दिवसही गाळले गेले. ७३२ला १२२ऐवजी ८०ने भाग जाऊ लागला. शून्य गाळल्याने बेरीज बदलत नाही, म्हणून एकूण पाऊस जागच्या जागी राहिला.

खरी गंमत पुढेच आहे. कुणालाही वाटेल, जुनी ओळ परत आणली की झालं. पण त्या कमिटसोबत तिने लिहिलं होतं: ‘दुसऱ्या केंद्राच्या फाइलमध्ये रिकाम्या नोंदीची खूण -99.9 आहे, म्हणून अट बदलली.’ जुनी ओळ परत आणली असती तर पहिलं केंद्र सुधारलं असतं आणि दुसऱ्याच्या सरासरीत उणे आकडे मिसळले असते. योग्य दुरुस्ती एका चिन्हाची होती: `> 0` च्या जागी `>= 0`. गिटने चूक कुठे आहे ते दाखवलं. ती कशी सुधारायची हे तिच्याच एका वाक्याने सांगितलं. त्या जागी नुसतं ‘बदल केले’ असं लिहिलेलं असतं, तर निम्मा फायदा गेला असता.

ऑनलाइन ड्राइव्हही फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या आवृत्त्या वेळेनुसार साठतात. बदल कशासाठी केला हे त्यांत कुठेच नसतं.

गिटलाही मर्यादा आहेत. आठवड्याचं सगळं काम एकाच कमिटमध्ये कोंबलं, तर शोध त्या कमिटपाशी येऊन थांबतो आणि पुढे ओळ न् ओळ तपासावी लागते. मधले कमिट चालतच नसतील, तर ते बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. शिवाय सगळा इतिहास प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये, `.git` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो. लॅपटॉप गेला तर तोही जातो. म्हणून दुसऱ्या ठिकाणी प्रत हवीच.

शिकायला फार काही नाही. `git init`, `git add`, `git commit` एवढ्यावर सुरुवात होते, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. शिस्त मात्र हवी: एका कमिटमध्ये एकच बदल, आणि त्याचं कारण त्याच वेळी, एका पूर्ण वाक्यात. तेवढंही लिहायचं नसेल, तर गिट वापरूनही हाती फक्त जुन्या फाइलींचा ढीग राहील.