कलमं पाठ, कागद मात्र वाचता येत नाही

बसा सगळे. आजच्या सराव मुलाखतीचे गुण मी सांगणार नाही, कारण सांगण्यासारखे ते नाहीतच. तुम्ही दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी व्हायला निघाला आहात. नेमणूक झाली की पहिल्याच रविवारी सुट्टीच्या न्यायालयात एक माणूस तुमच्यासमोर उभा केला जाईल. त्याला घरी पाठवायचं की कोठडीत, हे तुम्हाला ठरवायचं आहे. आज तशाच एका माणसाचे कागद मी तुमच्या हातात दिले होते, आणि एकानेही ते नीट वाचले नाहीत.

प्रकरण साधं होतं. तासगावच्या एका व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून १८ लाखांचा बेदाणा उधारीवर घेतला. चार हप्त्यांत ११ लाख बँकेतून दिले, पुढे पैसे थकले. सात लाखांसाठी शेतकऱ्याने फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणूक, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शनिवारी दुपारी चार वाजता पोलिसांनी व्यापाऱ्याला दुकानातून उचललं. अटक पंचनाम्यावर वेळ रात्री दहाची. रविवारी रात्री नऊला त्याला हजर केलं आणि तीन दिवसांचा पीसीआर मागितला. कारण काय, तर ‘फसवणुकीची रक्कम हस्तगत करणे’.

मी पहिला प्रश्न विचारला, की चोवीस तासांची मुदत पाळली का? तुमच्यापैकी सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्याने क्षणात उत्तर दिलं, ‘हो सर, तेवीस तास झाले.’ दहापासून नऊपर्यंत मोजले आणि मोकळा झालास! त्याच गठ्ठ्यात दुकानातल्या नोकराचा जबाब होता. साहेबांना चार वाजता जीपमध्ये बसवून नेलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. माणसाचं स्वातंत्र्य हिरावलं जातं त्या क्षणी अटक सुरू होते, पंचनाम्यावर वेळ टाकली तेव्हा नाही. हे मुंबई उच्च न्यायालयाने अशक हुसेन प्रकरणात सांगून ठेवलं आहे. चारपासून मोजा, एकोणतीस तास होतात. प्रवासाचा वेळ वजा करायची मुभा कलम ५८ देतं हे खरं, पण एकाच तालुक्यात प्रवास असा किती?

दुसरा प्रश्न, अटक गरजेची होती का? तुम्ही म्हणालात, ‘गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून अटक करता येते.’ करता येते आणि करावी लागते, यातला फरक ज्याला कळत नाही त्याने खुर्चीवर बसू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ पोलिसांकडे कारणं मागतं: आरोपी पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना धमकावील, न्यायालयात हजर राहणार नाही, की त्याच्याशिवाय तपासच होणार नाही? यांतलं काही नसेल, तर ३५(३) ची नोटीस द्यायची आणि बोलावून घ्यायचं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हा तक्ताच आखून दिला. आजच्या गठ्ठ्यात तो तक्ता कोरा होता. कोरा! तुम्ही पान उलटून पुढे गेलात. कारणं न नोंदवता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाने खातेनिहाय कारवाई करावी, हेही त्याच निकालात आहे. निकालाचं नाव तुम्हा सगळ्यांना येत होतं. त्यातली ही ओळ एकालाही आठवली नाही.

आता अटकेच्या आधाराविषयी. आरोपीला दिलेल्या कागदावर एवढंच होतं: ‘क. ३१८(४) अन्वये अटक.’ तुम्ही म्हणालात, आधार कळवले. कलमाचा आकडा म्हणजे आधार नव्हे. या माणसाने नेमकं काय केलं म्हणून त्याला धरलं, हे त्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. अटकेच्या वेळी लेखी देणं शक्यच नसेल, तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे. नाही पडला, तर अटक बेकायदा आणि रिमांडही बेकायदा. कागद हातात नसेल तर वकील जामिनासाठी आणि कोठडीविरुद्ध बोलणार काय? ते दोन तास त्यासाठी आहेत.

आणि पीसीआरचं कारण? थकलेले सात लाख वसूल करणं हे पोलीस कोठडीचं काम नाही. कोठडी तपासासाठी असते. कोणता तपास, आणि आरोपी पोलिसांच्या ताब्यात असल्याशिवाय तो का होणार नाही, हे केस डायरीत दिसलं पाहिजे. तुमच्यातल्या तिघांनी डायरी न मागताच तीन दिवस देऊन टाकले.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र शेवटच्या प्रश्नावर झाला. ‘अटक बेकायदा आहे, म्हणून मी गुन्हा रद्द करीन.’ कोण रद्द करणार? तू? दंडाधिकाऱ्याला तो अधिकार नाही. कलम ५२८ चे अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाचे आहेत. शिवाय अटक बेकायदा ठरली तर माणूस सुटतो, गुन्हा सुटत नाही. तपास चालू राहतो, दोषारोपपत्रही येऊ शकतं.

गुन्हा रद्द करताना उच्च न्यायालय वेगळाच प्रश्न विचारतं. फिर्यादीतला शब्द न् शब्द खरा धरला, तरी गुन्हा होतो का? भजनलाल निकालातला पहिलाच प्रकार हा. फसवणुकीला सौदा करतानाच लबाडीचा हेतू असावा लागतो. इथे चार हप्ते दिल्याचं फिर्यादी स्वतः सांगतो आणि सुरुवातीपासून लबाडी होती असं सुचवणारी एकही गोष्ट सांगत नाही. म्हणून ही फिर्याद रद्द होण्याजोगी आहे, ती दिवाणी येण्याची बाब आहे. पण त्याच फिर्यादीत असं असतं, की सौद्याच्या वेळी दिलेला धनादेश आधीच बंद झालेल्या खात्यावरचा होता आणि जीएसटी क्रमांक खोटा होता, तर? तर उच्च न्यायालय सहसा हात घालणार नाही. ‘पैसे फेडायचा इरादा होता’ हा बचाव खटल्यात तपासला जाईल. आणि त्या परिस्थितीतही कोरा तक्ता कोराच राहील, एकोणतीस तास एकोणतीसच राहतील.

हे तीन प्रश्न वेगळे आहेत. अटकेत गरज पाहायची. रिमांडमध्ये अटकेची वैधता आणि कोठडीची निकड पाहायची. रद्द करताना फक्त फिर्यादीचा मजकूर पाहायचा. तुम्ही तिन्हींची एकच खिचडी केलीत, म्हणून कलम बरोबर आणि निर्णय चूक, असं झालं.

सोमवारी प्रत्येकाने याच कागदांवर रिमांडचा आदेश स्वतःच्या हाताने लिहून आणायचा आहे. माणूस खरोखर कधी ताब्यात घेतला, अटकेची गरज कुठे नोंदली आहे, आधाराचा कागद त्याच्या हाती केव्हा पडला, आणि कोठडी कोणत्या तपासासाठी हवी, या चार गोष्टींची उत्तरं गठ्ठ्यातल्या पान क्रमांकासह हवीत. आरोपीला बोलण्याची संधी दिल्याची नोंद नसेल, तर तो आदेश मी वाचणार नाही. आणि ज्याला हे लिहिणं जड वाटतं, त्याने दंडाधिकारीपदाचा अर्ज भरू नये.