कर्णाचे पाय, विदुराचा देह

कुंभार पिंपळगावात सप्ताहातलं कीर्तन उठलं की मंडपाच्या कडेला, चहाच्या पातेल्याभोवती, दुसरं कीर्तन सुरू होतं. तिथंच एका रात्री एका मास्तरांनी ठणकावून सांगितलं, ‘धर्मराज हा विदुराचाच मुलगा. महाभारतात पुरावे पडलेत, बघणारा पाहिजे.’ शेजारचे बाबा म्हणाले, ‘अहो मास्तर, मग व्यासांनी सांगितलं का नाही?’

ही शंका मास्तरांची नव्हे. इरावती कर्वे यांनी १९६७च्या ‘युगान्त’मध्ये ती गंभीरपणे तपासली, पण प्रश्नचिन्ह ठेवून. गावोगावी पोचेपर्यंत ते प्रश्नचिन्ह गळून पडलं.

पुरावे थोडके नाहीत. मांडव्य ऋषीच्या शापानं यमधर्म दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्मला. कुंतीनं पहिल्या पुत्रासाठी बोलावलं ते धर्मालाच. पांडव वनवासाला गेले तेव्हा कुंती राहिली विदुराच्या घरी. लाक्षागृहाचा धोका विदुरानंच गूढ बोलीत युधिष्ठिराला कळवला. आणि शेवटी आश्रमवासिक पर्वात, अरण्यात झाडाला टेकलेला कृश विदुर योगबळानं युधिष्ठिराच्या देहात शिरतो. मरताना बापानं आपली इंद्रियं, प्राण मुलाच्या ठायी सोपवावेत, असा विधी उपनिषदांत आहे. एवढं ऐकल्यावर कुणाचीही मान डोलेल.

मला मात्र प्रत्येक खुणेला एकच विचारावंसं वाटतं: विदुर बाप नसता, तर ही गोष्ट कथेत आली असती का? आली असती, तर ती खूण कुणाच्याच बाजूची नाही. लाक्षागृहाचं घ्या. दुर्योधन जन्मला तेव्हाच त्याला टाकून दे, असं विदुरानं धृतराष्ट्राला सांगितलं होतं. तो भर सभेत द्यूताच्या विरोधात बोलला. अशा माणसानं पुतण्यांना आगीतून वाचवलं, यात बापपण कुठून आलं? कुंतीचंही तसंच. म्हाताऱ्या भावजयीनं दुर्योधनाच्या वाड्यात न राहता सज्जन दिराकडे राहावं, यात काय नवल?

खरी खूण कशी असते ते याच ग्रंथात आहे. युद्धानंतर युधिष्ठिर नारदाला सांगतो की द्यूतसभेत कर्णाच्या कठोर बोलण्याचा संताप आला, पण त्याच्या पायांकडे लक्ष गेलं आणि राग विरला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. हे साम्य का, ते त्याला तेव्हा उमगलं नव्हतं. कर्ण कुंतीचा नसता, तर त्या पायांना कथेत काही कामच नव्हतं. रंगभूमीवर कर्ण-अर्जुन समोरासमोर येताच कुंती बेशुद्ध पडते, तेही तसंच. (तिला चंदनाच्या पाण्यानं शुद्धीवर आणणारा विदुरच. यावरूनही कुणी तर्क लढवेल!) गुपित पेरायचं तर कवी असं पेरतो. विदुर आणि युधिष्ठिर यांच्यात असं एकही साम्य, एकही दचकणं मला सापडलेलं नाही.

उलट कथेचा भूगोल आडवा येतो. युधिष्ठिर जन्मला तो दूर शतशृंग पर्वतावर. पांडूनं संन्यस्त वृत्ती घेतली तेव्हा बरोबरचे सेवकही हस्तिनापुरी परतले. विदुर तिकडे गेल्याचा उल्लेख नाही. ऋषी कुंतीला आणि मुलांना घेऊन येतात तेव्हा नगराबाहेर सामोरं येणाऱ्यांत तो असतो. ‘गुपित होतं म्हणून लिहिलं नाही’ हे उत्तर सोयीचं आहे, पण पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरू लागला की त्या तर्काला खोटं पाडायची वाटच उरत नाही.

राहिला देहप्रवेश. तो मात्र झटकता येत नाही. तिथं व्यास स्वतः येऊन उलगडा करतात: जो धर्म तोच विदुर, आणि जो विदुर तोच हा पांडव. म्हणजे या खुणेचा अर्थ कथेनं स्वतःच लावून दिला आहे. दैवी पातळीवरचं नातं बाबांच्या व्यासांनी उघड सांगितलंय. मास्तरांना हवी असलेली चोरटी भेट तेवढी त्यातून निघत नाही. माझ्या मते हा तर्क अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग गुपित नाहीच.

आणखी एक खबरदारी. पुरावा म्हणून दाखवलेली ओळ मुळात पोथीत आहे का? ‘सूतपुत्राला वरणार नाही’ या द्रौपदीच्या नकारावर आपण केवढी नाटकं उभी केली! पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या मुख्य संहितेत तो नकार नाही. तो तळटीपांत गेला. जांभळाची गोष्टही लोककथेतली. ती गोड आहे, पण व्यासांच्या द्रौपदीवर साक्षीदार म्हणून उभी करता येत नाही.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं तेव्हा चहा निवला होता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘विदुराच्या पायांचं वर्णन कुठं आलंय का, ते बघतो.’