मालकाच्या हातातली शेवटची कळ

आमची शालेय पुस्तके तयार करणारी छोटी खासगी कंपनी मार्च 2025 मध्ये आम्ही बंद केली. टेबलखुर्च्या विकल्या, जागेच्या किल्ल्या परत दिल्या. उरले ते स्लॅकवरचे कार्यालय, म्हणजे नऊ माणसांचे सहा वर्षांचे बोलणे. त्याचे काय करायचे यावर संचालकांच्या बैठकीत दोन मते पडली. एकजण म्हणाला, "सगळं उतरवून एका डिस्कवर ठेव. कधी काय लागेल सांगता येत नाही." दुसरा म्हणाला, "सगळं पुसून टाक. उगाच ब्याद नको." दोघेही सुशिक्षित, दोघेही सज्जन. त्या 'सगळ्या'त काय आहे हे मात्र दोघांपैकी एकानेही पाहिले नव्हते. न पाहता जपणे आणि न पाहता जाळणे, या दोन्ही सवयी आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. जुन्या घरातल्या ट्रंकेबाबत आपण हेच करतो.

स्लॅकमध्ये `Primary Owner` नावाचे एक पद असते. ते एकाच व्यक्तीकडे असते आणि वर्कस्पेस कायमचे पुसण्याची कळ फक्त तिलाच दिसते. आमच्याकडे ती व्यक्ती मी होतो. या शब्दाने माणूस फसतो. मालक म्हटले की आतले सारे आपलेच, असे वाटू लागते. पण मी फक्त वर्गणी भरत होतो. ती वाक्ये लिहिली होती नऊ जणांनी. चाळीचा मालक चाळ विकू शकतो, म्हणून भाडेकरूंची पत्रे वाचण्याचा किंवा विहिरीत टाकण्याचा हक्क त्याला मिळत नाही. हे कुणालाही पटते, आणि संगणकासमोर बसल्यावर तितक्याच सहजपणे विसरले जाते.

आधी जपणाऱ्यांचा भ्रम तपासू. 'सगळं उतरवून घेऊ' म्हणणाऱ्याला मुळात सगळे मिळतच नाही. आमची योजना `Pro` होती. तिच्यात मालकाला सरळ मिळते ती सार्वजनिक चॅनेलांची प्रत. खासगी चॅनेले आणि दोघांमधले खासगी संदेश हवे असतील तर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला सदस्यांची संमती, न्यायालयीन प्रक्रिया किंवा कायद्याने दिलेला हक्क असे काही कारण लागते. त्याहून महाग योजनांत मालकाचा हात अधिक लांबवर पोहोचू शकतो. त्यामुळे आपल्या वर्कस्पेसमध्ये मालक काय उतरवू शकतो, हे प्रत्येक नोकरदाराने सेटिंग्जच्या पानावर जाऊन स्वतः पाहावे. ते पान साध्या सदस्यालाही दिसते.

जे मिळते ती एक झिप फाइल असते. आत `users.json`, `channels.json` आणि प्रत्येक चॅनेलचे एक फोल्डर असते. फोल्डरमध्ये दररोजची एक फाइल. आमच्या प्रतीतला एक संदेश असा दिसत होता (ओळखक्रमांक बदलला आहे):

```json
{"type":"message","user":"U01ABCD2EFG",
 "ts":"1612345678.000200",
 "text":"\u0939\u094b"}
```

इथे बोलणाऱ्याचे नाव नाही, क्रमांक आहे. तो `users.json` मध्ये शोधावा लागतो. वेळ म्हणजे 1970 पासूनचे सेकंद. हिशेब केला तर 3 फेब्रुवारी 2021, भारतीय वेळेनुसार दुपारी तीन वाजून सतरा मिनिटे. आणि `\u0939\u094b` म्हणजे आपला साधा 'हो'. देवनागरी अक्षरे अशी सांकेतिक रूपात साठवलेली असल्यामुळे नोटपॅडमध्ये 'हो' शोधला तर एकदाही सापडत नाही. मी पहिल्या दिवशी तसाच शोध घेतला आणि मराठी संदेश उतरलेच नाहीत असे समजून बसलो. फाइल जेसन वाचू शकणाऱ्या साधनात उघडल्यावर अक्षरे दिसली. शोध रिकामा आला म्हणून मजकूर नाही, असा निष्कर्ष काढणारा मी पहिला नसेन.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. चॅनेलात टाकलेली चित्रे, हस्तलिखिते, बिले त्या झिपमध्ये नसतात. असतात फक्त त्यांचे दुवे. वर्कस्पेस जिवंत आहे तोवर दुवे चालतात, वर्कस्पेस पुसले की मेले. आमचे सहा वर्षांचे बिलांचे चॅनेल उतरले, पण त्यात एकही बिल नव्हते. कळ दाबायच्या आधी हे लक्षात आले म्हणून निभावले. फायली वेगळ्या उतरवल्या.

आता मिळाले ते तरी जपण्याजोगे आहे का, ते पाहू. `general` चॅनेल मी वाचायला घेतले आणि चाळिसाव्या मिनिटाला थांबलो. एका सहकाऱ्याने रजा मागताना आपल्या आजाराचे नाव लिहिले होते. एकीने पगारातून उचल मागितली होती, का ते सांगून. दोघांनी तिसऱ्याची टर उडवली होती, आणि त्या टरीखाली हसणारा एक चेहरा माझाही होता. ही माणसे नऊ जणांच्या खोलीत बोलली होती. माझ्या कपाटातल्या डिस्कशी ती बोललेली नव्हती. ती डिस्क उद्या भंगारात जाईल, माझा मुलगा उघडेल, नाहीतर कुणी चोरेल. 'कधी लागेल सांगता येत नाही' याला मी कारण मानत नाही. काय लागेल, कुणाला आणि कधीपर्यंत, हे सांगता येत असेल तरच ते कारण. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोख हाच आहे: ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेले नसेल, तर ती पुसावी.

यावर पुसणारा मित्र खूश झाला. त्याने होऊ नये. त्याची बाजू मला अधिक संशयास्पद वाटते, कारण ती स्वच्छतेचा सदरा घालून येते. कंपनी बंद होताना पुसण्याचा फायदा जवळजवळ नेहमी ज्याच्याकडे सत्ता होती त्यालाच होतो. आमचेच उदाहरण घ्या. वर दिलेला तो 'हो' माझा होता. एका तरुण चित्रकर्तीने चॅनेलात विचारले होते, 'पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठाच्या आत माझं नाव येईल ना?' मी एका अक्षरात उत्तर दिले होते. नाव आले नाही. करारात त्याचा उल्लेख नाही. तिच्या श्रेयाचा एकमेव लेखी पुरावा माझ्या हातातल्या कळेखाली होता, आणि मी ते साफ विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

हे किरकोळ वाटत असेल तर गंभीर उदाहरण घ्या. कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार करायला 2013 च्या कायद्याने तीन महिन्यांची मुदत दिली आहे आणि ती आणखी तीन महिने वाढू शकते. रात्री अकरा वाजता आलेले खासगी संदेश हा अशा तक्रारीचा कणा असतो. ते मालकाला दिसत नाहीत, पण त्याने वर्कस्पेस पुसले की तक्रारदार स्त्रीकडूनही जातात. 'मला माहीतच नव्हतं' हे त्याचे उत्तर खरे असेल, पण ज्याने विचारलेच नाही त्याच्या अज्ञानाला किंमत किती द्यायची? आणि तक्रार किंवा दावा डोक्यावर आहे हे माहीत असताना तो पुरावा दडपण्यासाठी नोंद नष्ट करणे हा तर गुन्हाच आहे. बड्यांनाही हे सुटलेले नाही. एपिक विरुद्ध गूगल या खटल्यात अमेरिकी न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी मार्च 2023 मध्ये गूगलवर ठपका ठेवला, तो याचसाठी: खटला चालू असताना कर्मचाऱ्यांचे चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे संवाद कंपनीने जपले नाहीत.

तिसरा पक्ष न बोलणाऱ्यांचा असतो. पैसे भरणे थांबवायचे, वर्कस्पेस तसेच पडू द्यायचे. पण असे पडून राहणे हाही एक निर्णयच. स्लॅकच्या फुकट योजनेत नव्वद दिवसांमागचे दिसत नाही, आणि ऑगस्ट 2024 पासून वर्षाहून जुने संदेश व फायली कंपनी क्रमाक्रमाने पुसत जाते. म्हणजे पुसणे होतेच, फक्त त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. ही युक्ती आपल्याकडच्या समित्यांना चांगली अवगत आहे.

इतिहासाचे काय, असा आक्षेप एका प्राध्यापक स्नेह्याने घेतला. पेशवे दफ्तर कुणी असेच जाळले असते तर सरदेसायांनी पंचेचाळीस खंड कशातून काढले असते? आक्षेप वजनदार आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. पण दफ्तरातले बरेचसे कागद कारभाराचे होते आणि लिहिणाऱ्याला ते दफ्तरी दाखल होणार हे ठाऊक होते. आमच्याही पुस्तकांच्या आवृत्त्या, त्यांवरचे वाद, एखादा धडा का गाळला याची चर्चा उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल. ते चॅनेल ठेवावे. एखाद्याच्या मूळव्याधीची नोंद ठेवून इतिहासाचे काय भले होणार? आणि अभ्यासकासाठी ठेवायचेच असेल तर लिहिणाऱ्यांना विचारून ठेवावे. ते सगळे हयात आहेत, फोन उचलतात.

म्हणून आम्ही विचारले. सोडून गेलेल्यांसह प्रत्येकाला ईमेलने तीस दिवसांची सूचना दिली. त्यात चार साध्या गोष्टी होत्या: वर्कस्पेस कोणत्या तारखेला पुसले जाईल, आम्ही कोणती चॅनेले ठेवणार, तुमचे खासगी संदेश आमच्या हाती येत नाहीत म्हणून हवे ते तुम्हीच उतरवून घ्या, आणि कुणाची तक्रार, येणे किंवा हक्क अडकलेला असेल तर कारण न सांगता फक्त 'थांबा' एवढे कळवा. सोडून गेलेल्यांची बंद केलेली खाती त्या महिन्यापुरती पुन्हा चालू केली. हे बहुतेक जण विसरतात. ज्याचे खाते तुम्हीच बंद केले, त्याला 'तुमचे तुम्ही उतरवून घ्या' म्हणणे ही थट्टा आहे.

एक 'थांबा' आला. कुणाचा आणि कशासाठी ते इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. तारीख सात आठवड्यांनी पुढे गेली, सात आठवड्यांची वर्गणी भरली. पुसणाऱ्या मित्राने कुरकूर केली. तो खर्च मला आमच्या सहा वर्षांतल्या सर्वांत योग्य खर्चांपैकी एक वाटतो.

पाच जणांच्या एका खासगी चॅनेलाची प्रत मागावी, असे चौघांचे म्हणणे पडले. पाचवा नको म्हणाला. आम्ही अर्ज केला नाही. बहुमताने गावाचा रस्ता ठरतो. एखाद्याने बंद दाराआड काय म्हटले ते उघडावे का, हे बहुमताने ठरत नाही.

जे ठेवले ते तपासून ठेवले. `channels.json` मधली नावे आणि फोल्डर जुळवले, प्रत्येक फोल्डरातली पहिली आणि शेवटची तारीख पाहिली, मला पाठ असलेले तीन संदेश शोधून काढले. मग `general` आणि गप्पांची चॅनेले प्रतीतून काढून टाकली. `users.json` मधले फोन आणि ईमेल पुसले, नावे ठेवली. मूळ झिपही पुसली, नाहीतर हा सारा खटाटोप देखावा ठरला असता. आमच्या मुद्रकाच्या कंपनीशी जोडलेले एक सामायिक चॅनेल होते; त्याची त्यांच्याकडची प्रत आमच्या पुसण्याने जात नाही, हे सर्वांना कळवले. लोकांच्या ईमेलमध्ये पडलेल्या सूचना आणि फोनमधले स्क्रीनशॉट यांवरही आमचा हात पोहोचत नाही. तेही लपवले नाही.

चित्रकर्तीला तो 'हो' तारखेसह पाठवला आणि पुस्तकाचे हक्क ज्यांनी घेतले त्या प्रकाशकाला सोबत पत्र दिले. तिचे उत्तर आले, "सर, माझ्याकडे स्क्रीनशॉट होता. तुम्ही पाठवता का, ते बघत होते."

हिशेबाची चॅनेले आणि बिले एका कूटबद्ध डिस्कवर आहेत. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात, म्हणून डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहिले आहे: 31 मार्च 2033 नंतर पुसावे. तीच तारीख माझ्या डायरीत आहे आणि जपणाऱ्या मित्राच्याही, कारण मी विसरलो तर आठवण करून देण्याचे काम त्याने मागून घेतले आहे.