बातमी केव्हा फुटते? अंतर्गत माहिती आणि शेअरबाजाराचा कायदा

25 मार्च 1996 रोजी हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टन इंडियाचे 8 लाख शेअर 350 रुपये 35 पैसे दराने विकत घेतले. हा दर बाजारभावापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त होता, म्हणजे वरवर पाहता विकणाऱ्याचा फायदाच झाला. पण चार आठवडे उलटायच्या आत, 19 एप्रिलला, दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. दोन्ही कंपन्या युनिलिव्हरच्याच छत्राखालच्या होत्या. त्यामुळे घेणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक होते, विकणाऱ्याला नव्हते. आणि विकणाऱ्या ट्रस्टमध्ये देशभरातल्या सामान्य कुटुंबांची बचत होती.

सेबीने 11 मार्च 1998 च्या आदेशात हा व्यवहार अंतर्गत माहितीच्या आधारे झाल्याचे ठरवले. शेअरमागे 38 रुपये, म्हणजे एकूण 3 कोटी 4 लाख रुपये, युनिट ट्रस्टला भरपाई द्यावी असे सांगितले. कंपनीने अर्थ मंत्रालयातील अपिली प्राधिकरणाकडे दाद मागितली. कंपनी 'आतली' आहे हे प्राधिकरणाने मान्य केले, तरीही सेबीचा आदेश टिकला नाही. विलीनीकरणाची चर्चा घोषणेपूर्वीच वृत्तपत्रांत आली होती, तेव्हा माहिती 'अप्रकाशित' राहिली नव्हती, हे त्यामागचे मुख्य कारण.

या निकालाने कायद्याच्या व्याख्येतली खरी अडचण समोर आली. अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती म्हणजे जी सर्वांना उपलब्ध नाही आणि उपलब्ध झाल्यास शेअरच्या भावावर ठळक परिणाम करण्याची शक्यता आहे, अशी माहिती. तिमाही निकाल, लाभांश, विलीनीकरण, मोठा विस्तार, प्रमुख अधिकाऱ्यांतील बदल ही तिची नेहमीची उदाहरणे. त्यातली 'भावावर परिणाम' ही अट तुलनेने सोपी आहे. अवघड आहे ते 'सर्वांना उपलब्ध' असणे. वृत्तपत्रातल्या 'असे कळते'ला प्रकाशन म्हणायचे का?

अफवा आणि माहिती यांत फरक आहे. अफवा वाचणाऱ्याला ती खरी ठरेल की खोटी याचा अंदाज बांधावा लागतो आणि त्या अंदाजासाठी स्वतःचे पैसे धोक्यात घालावे लागतात. निर्णय ज्याच्या टेबलावर झाला, त्याला हा धोकाच नसतो. म्हणून बातमी दोघांनी वाचली, तरी दोघांच्या हातात सारखीच गोष्ट असते असे म्हणता येत नाही. अपिली निकालात हा फरक निसटला. 2002 मध्ये सेबीने नियम बदलून माध्यमांतील तर्कवितर्कांना प्रकाशित माहिती मानले जाणार नाही, असे स्पष्ट केले. 2015 च्या नियमांनी कसोटी 'भेदभावाविना जनतेला उपलब्ध' अशी ठेवली आणि 2024 च्या दुरुस्तीने माध्यमांतील पडताळणी न झालेली माहिती त्यातून पुन्हा वगळली.

ही कसोटी छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात लावून पाहता येते. समजा, वाळूजमधल्या एखाद्या सूचीबद्ध वाहनभाग कंपनीचे मोठे कंत्राट रद्द होणार आहे. रस्त्यावर उभे राहून गेटमधून बाहेर पडणारे ट्रक मोजणाऱ्याला आठवडाभर संख्या घटलेली दिसली आणि त्याने शेअर विकले, तर त्याने कोणालाही पाहता येण्यासारखी गोष्ट पाहिली. कंपनीच्या हिशेबाचे काम करणाऱ्या सनदी लेखापालाने ग्राहकाचे पत्र वाचले आणि विकले, तर ते पत्र इतरांना मिळण्याची सोय नव्हती. निष्कर्ष दोघांचा एकच, पण दुसरा व्यवहार नियमबाह्य. त्याने स्वतः न विकता मेहुण्याला सांगितले, तरी माहिती पुरवणे हाच वेगळा भंग ठरतो.

पुराव्याची वाटही आता बदलली आहे. पूर्वी माहितीच्या 'आधारावर' व्यवहार झाला हे दाखवणे कठीण जाई. आज अशी माहिती हाती असताना व्यवहार केला, तर त्यामागे तीच प्रेरणा होती असे गृहीत धरले जाते, आणि बचावासाठी आरोपीला वेगळी परिस्थिती दाखवावी लागते. हे गृहीतक कडक आहे, पण योग्य आहे. माणसाच्या मनातला हेतू पुराव्याने उघडता येत नाही. तारखा मात्र उघड दिसतात.

म्हणूनच तपास तारखांपासून सुरू होतो: निर्णय कधी झाला, तो कोणाकोणाला कळला, व्यवहार कधी झाला आणि घोषणा कधी झाली. 1996 च्या प्रकरणात खरेदी आणि घोषणा यांत 25 दिवसांचे अंतर होते. त्या 25 दिवसांत युनिट ट्रस्टकडे असलेली माहिती आणि हिंदुस्थान लिव्हरकडे असलेली माहिती सारखी नव्हती.