मारक शुक्र आणि एक उत्तर

माझ्या एका मित्राचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मित्र आज २८ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला धडधड जाणवू लागली, तेव्हा त्याने कुंडली दाखवून विचारलं : आजार आहे का? मी लवकर जाणार का? मी ज्योतिष मानत नाही. तरीही ज्योतिषीबुवांनी त्याला दिलेलं उत्तर मला नैतिकदृष्ट्या विचार करण्याजोगं वाटतं.

त्याचं लग्न मेष. कुंडलीतलं दुसरं आणि सातवं स्थान मारक मानतात. मेषेला या दोन्हींचा स्वामी शुक्रच. जन्मनक्षत्र अनुराधा, म्हणजे दशेची सुरुवात शनीपासून. जन्मवेळी शनीची चार वर्षं शिल्लक होती, मग बुधाची १७, केतूची ७. बेरीज २८. म्हणजे आता मारक शुक्राची महादशा सुरू. इथवर मित्राने स्वतःच इंटरनेटवर वाचलं होतं आणि घाबरला होता.

बुवांनी आधी हे सांगितलं, की मारक स्थानं प्रत्येक कुंडलीत असतात, आठवं स्थानही असतं. शुक्राची दशा वीस वर्षांची; दुसरं स्थान धनाचं, सातवं जोडीदाराचं. याच काळात लोक लग्न करतात, घर घेतात. मग त्यांनी जन्मवेळ कुठून मिळाली ते विचारलं. आईच्या आठवणीतून. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, शनीची दशा १९ वर्षांची. म्हणून वेळ तासाभराने चुकली तर पुढची प्रत्येक दशा सुमारे साडेनऊ महिने सरकते. लग्नही बदलू शकतं, आणि मग शुक्र मारक राहीलच असं नाही.

एवढं सांगितल्यावर ‘काळजी नको, दीर्घायुषी आहात’ म्हणणं सोपं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. मृत्यूचं भाकीत करायचं नाही हा संकेत बरेच ज्योतिषी पाळतात, पण आयुष्याची हमी द्यायला त्यातले फारसे कचरत नाहीत. मला दोन्ही एकाच जातीची विधानं वाटतात. आधार तोच, आणि हमीचा धोका कदाचित जास्त : घाबरलेला माणूस डॉक्टरकडे तरी जातो, निश्चिंत झालेला घरी बसतो. शांतीचा तोडगाही तसाच. माणूस जगला तर श्रेय तोडग्याला, त्यामुळे तो कधी खोटा ठरतच नाही.

बुवांनी शेवटी विचारलं, धडधड कधी होते, जिना चढताना की बसल्याबसल्या? छातीत दुखतं का, चक्कर येते का? आणि सांगितलं : वडिलांचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगा, ईसीजी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बघून घ्या. आयुष्य किती, हे मी सांगणार नाही.

कुणी म्हणेल, हे तर ज्योतिषाबाहेरचं झालं. मला वाटतं, प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच होतं. ज्याच्या शब्दावर समोरचा विसंबणार आहे, त्याने आपलं साधन कुठे संपतं हे सांगायला हवं, आणि प्रसंगी दिलासाही नाकारायला हवा.